शिफारसपत्रात एकच प्रसंग पुरतो, पण तो तिचाच हवा

प्रश्न: भोसरीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी हेड आहे. माझ्याकडची इंजिनिअर सहा वर्षांनी नोकरी सोडून चालली आहे आणि तिने शिफारसपत्र मागितलंय. नेटवरचे नमुने पाहिले, सगळे एकाच साच्यातले वाटतात. मला तिच्याबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय, पण वाचणाऱ्याला ते पटलंही पाहिजे. तिच्यात एक-दोन उणिवाही आहेत. त्या लिहायच्या की गाळायच्या?

उत्तर:

मी सत्तावीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. त्यातली शेवटची बारा प्लांट हेड म्हणून. अशी पत्रं लिहिली त्यापेक्षा कितीतरी जास्त वाचली, आणि वाचता वाचताच लिहायला शिकलो.

माझं पहिलं पत्र फसलं होतं. टूलरूममधल्या एका हुशार पोरासाठी लिहिलं होतं. 'अत्यंत मेहनती, प्रामाणिक, कामाप्रती निष्ठावान, सर्वांशी मिळून मिसळून वागणारा, आपल्या संस्थेसाठी मोलाची भर ठरेल.' आठवडाभराने समोरच्या कंपनीतून फोन आला. गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "साहेब, एक विचारू? पत्र तुम्ही लिहिलंय की त्याने लिहून आणलं आणि तुम्ही सही केलीत?" मी स्वतः रात्री बसून लिहिलं होतं. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या पत्रातला पोराचा एकही गुण असा नव्हता, जो शेजारच्या बेंचवरच्या माणसाला लागू झाला नसता.

वाचणारा काय करतो ते आधी समजून घ्या. त्याच्यापुढे बायोडेटा असतो, अनुभवपत्र असतं, मुलाखतीचे शेरे असतात. हुद्दा आणि तारखा त्याला अनुभवपत्रातून कळतात, ते एचआरचं काम. तुमच्या पत्रात तो एकच गोष्ट शोधत असतो: या साहेबाने या व्यक्तीला काम करताना खरंच पाहिलंय का? ते पटलं की मग तुमच्या कौतुकाला किंमत येते. नाही पटलं तर विशेषणं जितकी जास्त तितका संशय जास्त.

म्हणून पत्राचा मुख्य भाग म्हणजे एक प्रसंग. तीन नाही, एकच. तो शोधायला वेळ लागतो आणि खरं काम तेच आहे. स्मरणशक्तीवर विसंबू नका, कारण आपल्याला शेवटचे सहा महिने आठवतात आणि निरोपाच्या आठवड्यातला हळवेपणा त्यात मिसळतो. ग्राहक-तक्रारींचं रजिस्टर काढा, जुन्या मेल चाळा, ऑडिटच्या फायली बघा. मग तिला पंधरा मिनिटं बसवून विचारा, "इथल्या कुठल्या कामाचं तुला स्वतःला समाधान आहे?" पुष्कळदा ती आपण विसरलेलंच काहीतरी सांगते. मात्र "तूच मसुदा करून आण, मी सही करतो" हे आपल्याकडचं सर्रास चालणारं काम करू नका. माणूस स्वतःबद्दल लिहिताना बायोडेटातलीच वाक्यं उतरवतो आणि वाचणारा दोन्ही कागद शेजारी ठेवूनच बसलेला असतो.

आता एक खरं उदाहरण घेतो. आमच्याकडच्या एका इन्स्पेक्शन इंजिनिअरचं. नाव बदलून रेवती म्हणू या. ग्राहकाचं नाव इथे सांगत नाही, पत्रातही सांगितलं नव्हतं.

माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात असं वाक्य होतं: 'रेवती यांची विश्लेषण क्षमता उत्तम असून त्यांनी रिजेक्शन कमी करण्यात मोठे योगदान दिले.' मीच ते पुन्हा वाचलं आणि स्वतःला प्रश्न विचारत गेलो. कुठलं रिजेक्शन? एका हायड्रॉलिक पार्टचं पंचवीस मिलिमीटरचं बोअर लहान येत होतं. सहनशीलता एकवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी. चार महिन्यांत तीन तक्रारी आल्या होत्या. मग तिने नेमकं काय केलं? इथे मला थांबून आठवावं लागलं.

आम्ही सगळे टूलवर आणि ऑपरेटरवर संशय घेत होतो. तिने परत आलेले नग टेबलावर मांडले आणि त्यांच्यावर कोरलेल्या तारखा वाचून त्यांचे ढीग लावले. तेवीसच्या तेवीस नग शुक्रवारचे निघाले. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. म्हणजे शुक्रवारी सकाळी मशीन थंड असतं. पहिला नग तपासून पास व्हायचा, पुढची तपासणी तासाभराने. मधल्या वेळात स्पिंडल तापत जायचा आणि बोअर हळूहळू लहान होत जायचं. तासाभराने ऑपरेटरला फरक दिसला की तो ऑफसेट बदलायचा, पण आधीचे नग ट्रेमध्ये पुढे गेलेले असायचे. पुढच्या शुक्रवारी ती सकाळी साडेसहाला हजर झाली. दर पाचवा नग एअर गेजवर मोजला आणि पहिल्या पाऊण तासात बोअर चौदा मायक्रॉनने सरकतं हे आलेख काढून दाखवलं. उपाय साधाच होता: शुक्रवारी चाळीस मिनिटं मशीन रिकामं फिरवून गरम करायचं, मगच उत्पादन सुरू, आणि पहिल्या तासात दर दहाव्या नगाची तपासणी.

पण याच्याही पुढे एक प्रश्न असतो आणि पत्राचा जीव त्याच्यात असतो: यात अवघड काय होतं? शोध अवघड नव्हता असं मी म्हणणार नाही, पण खरं अवघड होतं ती चाळीस मिनिटं मिळवणं. प्रॉडक्शनवाले चिडले. दर आठवड्याला चाळीस मिनिटांचं उत्पादन सोडायचं म्हणजे काय! रेवती भांडली नाही, माझ्याकडे तक्रार घेऊनही आली नाही. प्रॉडक्शन मॅनेजरला तिने शुक्रवारी सकाळी एअर गेजसमोर उभं केलं आणि काटा सरकताना दाखवला. त्यांनी स्वतःच वेळापत्रक बदललं. पुढचे चौदा महिने, म्हणजे ती जाईपर्यंत, त्या कारणाने एकही नग परत आला नाही.

'विश्लेषण क्षमता', 'चिकाटी', 'समन्वय कौशल्य' यातला एकही शब्द वरच्या हकिकतीत नाही. तरीही वाचणारा ते तिन्ही स्वतःच्या मनाने लिहून घेतो, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणसाचा विश्वास जास्त असतो.

हकिकत लिहिताना तीन जागी जपा. एक, श्रेय मोजून द्या. उपाय अमलात आणला तो प्रॉडक्शनने, तर तसं लिहा. सगळंच तिने केलं असं लिहिलंत तर अनुभवी वाचक हसतो, कारण कारखान्यात एकट्याने काहीच होत नाही हे त्याला माहीत असतं. दोन, आकडे असे द्या की उद्या फोनवर त्यांची बाजू घेता येईल. 'रिजेक्शन नव्वद टक्क्यांनी घटवले' हे वाक्य मी डझनभर पत्रांत वाचलंय. कशाच्या नव्वद टक्के, किती दिवसांत, हे विचारलं की पलीकडे शांतता. 'चार महिन्यांत तीन तक्रारी, नंतर चौदा महिन्यांत शून्य' हे मोजता येतं. तीन, ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, दर, एकूण रिजेक्शनचे पीपीएम हे बाहेर जाता कामा नये. प्रसंग त्यांच्याशिवायही पूर्ण उभा राहतो.

उणिवांचं विचारलंत. माझं मत: एक मर्यादा लिहा, पण ती कामाची असावी, स्वभावाची नको, आणि तिचं पुढे काय झालं तेही लिहा. रेवतीची अडचण अशी होती की तिला हाताखालच्यांवर काम सोडवत नसे. दोन इन्स्पेक्टर असूनही महत्त्वाचे रिपोर्ट ती स्वतः पुन्हा मोजायची आणि त्यापायी संध्याकाळी आठपर्यंत थांबायची. यावर आमचं बोलणं झालं होतं. शेवटच्या वर्षात तिने दोघांना गेज वापरण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं आणि फेरमोजणी बरीच कमी केली. पूर्ण नाही. हे मी तसंच लिहिलं. 'त्यांचा दोष म्हणजे त्या जरा जास्तच परिपूर्णतावादी आहेत' असली वाक्यं मात्र नकोत, दोष म्हणून कौतुक खपवण्याची ती युक्ती आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. आणि मर्यादा लिहायच्या आधी मसुदा तिला वाचायला द्या. ती म्हणाली "सर, हे नको," तर काढून टाका. पत्र तिच्यासाठी आहे. त्या जागी नवीन कौतुक घालू नका म्हणजे झालं.

ती मुलगी आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ही चूक माझ्या हातूनही झालेली आहे. बायकांसाठी लिहिलेल्या पत्रांत 'हसतमुख', 'मनमिळाऊ', 'घरच्यासारखी वागणारी' हे शब्द आपोआप येतात, आणि पुरुषांच्या पत्रात 'निर्णयक्षम', 'नेतृत्व'. मसुदा झाला की तिच्या नावाच्या जागी एखाद्या पुरुषाचं नाव घालून वाचून पाहा. जे वाक्य विचित्र वाटेल ते काढा. लग्न, मुलं, तब्येत, पगार, किती रजा घेतल्या, का सोडून चालली यातलं काहीही नको. 'कौटुंबिक जबाबदाऱ्या सांभाळूनही' हे कौतुक म्हणून लिहिलं जातं, पण नव्या साहेबाच्या मनात नको ती शंका पेरून जातं.

पत्र इंग्रजीतच जाणार असेल, बहुधा जातंच, तरी पहिला मसुदा मराठीत करा. आपण मराठीत बोलतो तेव्हा प्रसंग सांगतो. इंग्रजीत लिहायला बसलो की पाठ झालेली वाक्यं येतात. रेवतीचं पत्र मी आधी असं लिहिलं होतं:

> रेवती यांनी जून 2017 ते मार्च 2023 या काळात आमच्या गुणवत्ता विभागात काम केले. त्यांतील शेवटची चार वर्षे त्या थेट माझ्याकडे रिपोर्ट करत होत्या आणि आमचे रोजच बोलणे होत असे. हे पत्र त्या चार वर्षांवर आधारलेले आहे.
>
> 2021 च्या अखेरीस आमच्या एका पार्टचे बोअर लहान येत असल्याच्या चार महिन्यांत तीन तक्रारी आल्या. आमचा सर्वांचा, माझाही, संशय टूलवर होता. रेवती यांनी परत आलेले नग तारखेप्रमाणे लावले आणि ते सर्व साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळचे आहेत हे दाखवले. पुढच्या आठवड्यात पाळी सुरू होण्याआधी येऊन त्यांनी दर पाचवा नग मोजला. थंड मशीन तापताना माप सरकते हे त्यातून सिद्ध झाले. उपायासाठी दर आठवड्याला चाळीस मिनिटांचे उत्पादन सोडावे लागणार होते, त्यामुळे प्रॉडक्शन विभागाचा विरोध होता. त्यांनी वाद न घालता प्रॉडक्शन मॅनेजरना मोजणी प्रत्यक्ष दाखवली आणि वेळापत्रक त्यांनीच बदलले. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत त्या कारणाने एकही नग परत आला नाही.
>
> मला त्यांच्यात सर्वांत मोलाचे वाटले ते हे की वाईट बातमी त्या लगेच सांगत. एकदा चुकीच्या मापाचे नग डिस्पॅचला गेल्याचे त्यांच्याच लक्षात आले. चूक त्यांच्या विभागाची होती. त्यांनी दहा मिनिटांत मला फोन केला आणि गाडी वाटेतून परत बोलावता आली.
>
> सुरुवातीला त्यांना इतरांवर काम सोपवणे जड जाई आणि महत्त्वाची मापे त्या स्वतः पुन्हा घेत. शेवटच्या वर्षी त्यांनी दोन इन्स्पेक्टरना तयार केले आणि ही सवय पुष्कळ कमी झाली. मोठी टीम त्यांनी अजून सांभाळलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. पाच-सहा जणांची टीम त्या उत्तम चालवतील असे मला वाटते.
>
> आमच्याकडे योग्य जागा असेल तर मी त्यांना पुन्हा घेईन. अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर मला जरूर फोन करावा.

एका पानात बसतं. याहून मोठं करू नका.

यातल्या काही जागा मुद्दाम आहेत. पहिल्या परिच्छेदात मी तिला किती जवळून आणि किती काळ पाहिलं ते सांगितलंय, कारण वरच्या साहेबाने लांबून लिहिलेल्या पत्रापेक्षा रोज पाहणाऱ्या सुपरवायझरच्या पत्राला मी स्वतः जास्त वजन देत आलोय. गाडी परत बोलावल्याचा प्रसंग दोन ओळींत संपवलाय. तो मोठा केला तर बोअरच्या हकिकतीची धार जाते, आणि आपल्या कारखान्यातून चुकीचा माल निघाला होता याची जाहिरातही होते. मोठ्या टीमबद्दलचं 'मी सांगू शकत नाही' हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे पाहिलं नाही तिथे गप्प बसणारा माणूस जिथे बोलतो तिथे खरा वाटतो.

'पुन्हा घेईन' हे वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. फोनवर पहिल्या तीन प्रश्नांत हा प्रश्न येतोच आणि उत्तर देताना तुम्ही एक क्षण अडखळलात तरी समोरच्याला कळतं. मीही तो प्रश्न विचारतो आणि उत्तरापेक्षा उत्तराआधीची शांतता ऐकतो.

कौतुकाच्या चढत्या भाजणीबद्दल जर्मनीतली एक गंमत सांगतो, कारण पुण्यातली बरीच मुलं तिकडे जातात आणि असे कागद घेऊन येतात. तिथे नोकरी सोडणाऱ्याला कामाचं प्रमाणपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. ते खरं असावं आणि त्याच वेळी त्याच्या पुढच्या वाटचालीत अडथळा आणणारं नसावं, अशी दुहेरी अपेक्षा असते. त्यातून एक ठरीव भाषाच तयार झाली. 'नेहमी आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे काम केले' म्हणजे पहिला वर्ग, नुसतं 'आमच्या समाधानाप्रमाणे' म्हणजे जेमतेम पास, आणि 'त्यांनी प्रयत्न केले' म्हणजे नापास. छुपे अर्थ ठेवू नयेत असं कायदा सांगतो, तरी वाचणारे ही पायरी ओळखतातच. एखाद्याने असं प्रमाणपत्र आणून दाखवलं तर शब्दशः भाषांतर करून भुलू नका. आणि आपल्याकडे अशी ठरलेली पायरी नाही, त्यामुळे 'सर्वोत्कृष्ट'ला 'अतिउत्कृष्ट'ने मागे टाकण्याच्या शर्यतीत पडण्यात अर्थ नाही. तुलनाच करायची तर मोजता येणारी करा: 'माझ्या हाताखालून गेलेल्या अकरा इन्स्पेक्शन इंजिनिअरांत मी त्यांना पहिल्या दोघांत धरतो.' दुसरा कोण, हे तुमच्या मनात पक्कं असेल तरच.

लेटरहेडबद्दल. आधी एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या लेटरहेडवर फक्त हुद्दा आणि कालावधी द्यायची परवानगी देतात आणि मत लिहायला मनाई करतात. तसं असेल तर साध्या कागदावर वैयक्तिक पत्र द्या, 'ही मते माझी वैयक्तिक आहेत' अशी एक ओळ घाला आणि स्वतःचा हुद्दा, मोबाइल नंबर, तारीख आणि सही नीट द्या. नाव छापलेलं आणि खाली गिचमिड सही, नंबर नाही, असलं पत्र मी बाजूला ठेवतो. शक्य असेल तर तिचा शेवटचा दिवस येण्यापूर्वीच द्या. नोकरी सुटल्यावर चार महिन्यांनी लिहिलेलं पत्र मागून घेतल्यासारखं दिसतं.

कधी असंही होतं की मागणाऱ्याबद्दल असं मनापासून लिहिण्यासारखं आपल्याजवळ नसतं. तेव्हा पातळ पत्र देण्यापेक्षा "अनुभवपत्र नक्की मिळेल, पण मी तुझं काम पुरेसं जवळून पाहिलेलं नाही" असं तोंडावर सांगावं. ऐकताना वाईट वाटतं, पण पातळ पत्र त्याचं जास्त नुकसान करतं. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

सही केलेल्या पत्राची एक प्रत आणि ज्या रजिस्टरवरून आकडे घेतले त्या पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा. रेवतीबद्दलचा फोन मला तिच्या जाण्यानंतर सव्वा वर्षाने आला, तेही दुसऱ्याच कंपनीतून. पलीकडच्या बाईंनी थेट विचारलं, "चौदा महिने की चार महिने? पत्रात दोन्ही आहेत." फाईल हाताशी होती म्हणून मी लगेच सांगू शकलो: तक्रारी आल्या त्या चार महिन्यांत, आणि नंतर चौदा महिने एकही नाही. पुढची दहा मिनिटं आम्ही थंड मशीनवरच बोलत होतो, कारण त्यांच्याकडेही सोमवारी सकाळी तीच भानगड होती.